केओटीवरच्या वेळांतून किचनमधला अडलेला सेक्शन कसा शोधायचा

प्रश्न: साताऱ्यात हायवेपासून जवळच आमचं १४ टेबलांचं मटण-चिकन थाळीचं हॉटेल आहे. रविवारी दुपारी ऑर्डर टेबलावर जायला अर्धा-पाऊण तास लागतो. वस्ताद तंदूरवाल्याकडे बोट दाखवतो, तंदूरवाला म्हणतो वेटर माल उचलत नाहीत, वेटर म्हणतात किचनच ढिलं आहे. केओटीवर, म्हणजे किचनमध्ये जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, वेळ छापून येते. त्यातून नेमकं कुठे अडतंय ते कसं काढायचं?

उत्तर:

नुसत्या केओटीवरच्या वेळेतून ते निघणार नाही, कारण ती वेळ फक्त ऑर्डर किचनमध्ये कधी आली एवढंच सांगते. बिल झाल्याची वेळ तर त्याहून कुचकामी. जेवण उशिरा आलं की गिऱ्हाईक चिडून लवकर उठलं, हे तिच्यावरून कळत नाही. तुम्हाला मधली एक वेळ मिळवायची आहे: प्रत्येक सेक्शनचा माल पिकअप काउंटरवर कधी येऊन टेकला. ही वेळ कुठलंही बिलिंग सॉफ्टवेअर आपण होऊन देत नाही. ज्यांच्याकडे किचनमध्ये स्क्रीन लावलेली असते तिथेही आचारी गर्दीत बटण दाबत नाहीत. गर्दी ओसरल्यावर दहा ऑर्डरी एकदम ‘झाल्या’ म्हणून दाबतात आणि रिपोर्टमध्ये भलतंच चित्र उमटतं. त्यामुळे पहिल्यांदा तरी हे काम माणूस बसवूनच करा.

माणूस किचनमधला नको आणि वेटरही नको. ओळखीतला कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी चालेल. पिकअप काउंटरच्या कडेला एक घड्याळ, एक पॅड आणि प्रत्येक केओटीची जादा प्रत द्या. माल काउंटरवर आला की त्या ओळीसमोर वेळ लिहायची आणि वेटरने शेवटची गोष्ट उचलली की खाली वेळ लिहायची, एवढंच काम. बोलायचं नाही, घाई करा म्हणायचं नाही. बसवण्याआधी काउंटरवरचं घड्याळ आणि केओटी प्रिंटरची वेळ जुळवून घ्या. प्रिंटर ज्या कॉम्प्युटरला जोडलेला असतो त्याचं घड्याळ चार-पाच मिनिटं पुढे-मागे असणं अगदी नेहमीचं आहे, आणि तेवढ्या फरकाने सगळे निष्कर्ष वाकडे होतात. केओटी पुन्हा छापली तर तिच्यावर नवी वेळ पडू शकते, म्हणून जुनी प्रत फेकू देऊ नका.

किचनमधल्या सगळ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की यावरून कुणाचा पगार कापायचा नाही, कुणाला बोलायचं नाही. हे मनापासून सांगा आणि पाळा. एकदा का हिशेब माणसावर जातोय असं वाटलं, की आचारी अर्धा कच्चा माल काउंटरवर आणून ठेवतो, वेळ लिहून घेतो आणि पुन्हा आत नेतो. शिवाय कुणी बघतंय म्हटल्यावर सगळेच सुरुवातीला नेहमीपेक्षा चपळ होतात. म्हणून १२ वाजल्यापासून लिहायला बसवा आणि पहिल्या अर्ध्या तासाची नोंद हिशेबात धरू नका. गर्दीत कुणाला नाटक करायला सवड नसते.

आता तुमच्याएवढंच हॉटेल धरून एक रविवार मांडतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण वाचायची रीत हीच राहील. चार सेक्शन धरू. पहिला ताटाचा, म्हणजे रस्सा, वाट्या, भात, कांदा-लिंबू. मटण सकाळीच शिजलेलं असतं, इथे फक्त गरम करून लावायचं. दुसरा तवा, म्हणजे सुकं आणि फ्राय. तिसरा तंदूर आणि चौथा भाकरी. साडेबारा ते तीन या वेळात ४२ केओटी आल्या.

त्यातली एक जवळून बघा. नऊ नंबरचं टेबल, केओटी १.४१ ची: दोन मटण थाळ्या, एक सुकं, एक हाफ तंदुरी, चार भाकऱ्या. ताटं १.४९ ला काउंटरवर आली. सुकं १.५४ ला, तंदुरी २.०१ ला, भाकऱ्या २.०८ ला. टेबलावर सगळं पोचलं २.१० ला. एकूण २९ मिनिटं. तंदूरने २० मिनिटं घेतली हे खरं आणि ती डोळ्यांत भरतात. पण तंदुरी १.५५ ला आली असती तरी गिऱ्हाइकाला जेवण २.१० लाच मिळालं असतं. याउलट भाकरी २.०१ ला आली असती तर सात मिनिटं वाचली असती. आणि भाकरी १.५० लाच आली असती तरीही सातच वाचली असती, कारण मग तंदूरसाठी थांबावं लागलं असतं. म्हणजे या ऑर्डरीत भाकरीने अडवलेली मिनिटं सात. बाकी सगळ्या सेक्शननी अडवलेली मिनिटं शून्य.

सगळ्या हिशेबाचा गाभा हाच आहे. कुणाला किती वेळ लागला हे विचारू नका. प्रत्येक केओटीत सगळ्यात शेवटी कोण आलं, आणि त्याच्या आधीच्यापेक्षा ते किती मागे होतं, हे विचारा.

सगळ्या केओटी रात्री एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये भरा. पहिल्या ओळीत मथळे: A मध्ये केओटी नंबर, B मध्ये केओटीची वेळ, C ते F मध्ये ताट, तवा, तंदूर, भाकरी, आणि G मध्ये वेटरने उचलल्याची वेळ. वेळा चोवीस तासांच्या घड्याळाने भरा, १.४१ असेल तर 13:41, नाहीतर एकनंतरची वेळ बाराच्या आधीची धरली जाईल. ज्या सेक्शनचा माल त्या ऑर्डरीत नव्हता तो रकाना रिकामा सोडा, शून्य टाकू नका. मग H मध्ये शेवटचा सेक्शन आणि I मध्ये अडवलेली मिनिटं अशी निघतील:

```
H2:  =INDEX($C$1:$F$1, MATCH(MAX(C2:F2), C2:F2, 0))
I2:  =IF(COUNT(C2:F2)<2, 0, (MAX(C2:F2)-LARGE(C2:F2,2))*1440)
```

१४४० ने गुणायचं कारण शीट वेळ दिवसाच्या अपूर्णांकात धरते आणि दिवसात तेवढी मिनिटं असतात. I चा रकाना साध्या आकड्याच्या फॉरमॅटमध्ये ठेवा, नाहीतर तिथे पुन्हा घड्याळच दिसेल. ४२ केओटी खाली भरल्या की प्रत्येक सेक्शनची बेरीज अशी:

```
=COUNTIF(H2:H43,"भाकरी")
=SUMIF(H2:H43,"भाकरी",I2:I43)
```

दोन सेक्शन एकाच मिनिटाला आले तर नाव डावीकडच्याचं लागेल, पण मिनिटं शून्य पडतील, म्हणून बेरीज बिघडत नाही. नुसती दोन तंदुरी मागवलेल्या टेबलासारख्या एकाच सेक्शनच्या ऑर्डरी इथे शून्यात जातात. त्या वेगळ्या काढून बघा.

आपल्या नमुन्यात काय दिसलं ते सांगतो. तंदूरचा माल ११ केओटींत होता आणि त्याची सरासरी २२ मिनिटं. भाकरी ३६ केओटींत, सरासरी १८ मिनिटं. नुसती सरासरी बघून बोट दाखवायचं तर ते तंदूरकडेच जातं, तुमच्या वस्तादाचंही तिकडेच जातंय. पण शेवटी येण्याचा हिशेब वेगळा निघाला. भाकरी २२ वेळा शेवटी आली आणि तिने मिळून १५४ मिनिटं अडवली. तंदूर सात वेळा, २१ मिनिटं. तवा आठ वेळा, २० मिनिटं. ताटं पाच वेळा, आठ मिनिटं. तंदूर वेळ जास्त घेतो, पण मोजक्याच टेबलांना लागतो आणि तिथेही बाकीच्यांपेक्षा फारसा मागे पडत नाही. अर्धी तंदुरी चिकन भट्टीत नीट व्हायला जी मिनिटं लागायची ती लागणारच. तिथे घाई केली तर हाडाजवळ कच्चं राहील.

शेवटी येणारा प्रत्येक सेक्शन दोषी नसतो, हेही ध्यानात ठेवा. रोटी, नान, भाकरी या गोष्टी शेवटी याव्यात अशीच आपली पद्धत आहे, कारण त्या गरम खायच्या असतात. चांगला तंदूरवाला ग्रेव्ही काउंटरवर टेकते आहे असं बघूनच रोटी लावतो. म्हणून भाकरी-रोटी बाकीच्या मालानंतर दोन-तीन मिनिटांत आली तर मी तिला अडवणं म्हणत नाही. सात मिनिटं मात्र मुद्दाम थांबल्याची नसतात.

आता यात एक फसवणूक लपलेली असते. भाकरी रोज उशिरा येते हे ताटवाल्याला सवयीने कळलेलं असतं. मग तो ताटं लावायचीच थांबतो, कारण लवकर लावली तर रस्सा गार होतो आणि वाट्या परत गरम कराव्या लागतात. कागदावर त्याचे ८ मिनिटांचे १५ होतात आणि तो संथ दिसायला लागतो. हे ओळखायचं कसं? त्या वेळी त्याचे हात चालू होते की रिकामे, हे बघून. काउंटरवरच्या मुलाला सांगून ठेवा की पंधरा मिनिटांतून एकदा मान वर करून चारी सेक्शनकडे बघायचं आणि ज्याच्याकडे केओटी टांगलेल्या असूनही हात थांबलेत त्याच्यापुढे फुली मारायची. ज्याच्यापुढे फुल्या जास्त, तो स्वतः अडवत नाही, तो कुणाची तरी वाट बघतोय.

पहिल्या रविवारी एवढंच. यातून एक नाव मिळतं, कारण मिळत नाही. पण एकाच रविवारवर भरवसा ठेवू नका, पुढचा रविवारही तसाच लिहा. कास पठाराच्या फुलांच्या दिवसांतली गर्दी आणि श्रावणातली गर्दी यांची ऑर्डर एकसारखी नसते. श्रावणात तर तुमचा अर्धा मेनूच बदलतो. ट्रॅव्हल्सची गाडी थांबून बावीस थाळ्यांची एक केओटी आली तर ती बाजूला काढा. तिच्या वेळेची तुलना चार माणसांच्या टेबलाशी होत नाही. पार्सलच्या केओटींवरही खूण करा, त्या बहुतेक ठिकाणी रांग मोडून पुढे घुसतात.

नाव कळल्यावर सगळा माल तासाच्या नाही, अर्ध्या तासाच्या गटांत पाडून बघा. आपल्या नमुन्यात भाकरीला साडेबारा ते एकच्या केओटींत ८ मिनिटं लागत होती. एक ते दीडमध्ये १२, दीड ते दोनमध्ये २१, सव्वादोनच्या आसपास २८, आणि पावणेतीनला पुन्हा १० वर आली. हा आकार फार बोलका आहे. करण्याची पद्धतच संथ असती तर साडेबारालाही २० मिनिटं लागली असती, कारण पद्धत काही घड्याळ बघून बदलत नाही. वेळ हळूहळू चढते आणि गर्दी ओसरल्यावर उतरते, याचा अर्थ रांग साचते आहे. करायला लागणारा वेळ तोच आहे, हातात यायला लागणारा वेळ वाढतोय. पहिल्या प्रकाराला उपाय शिकवण्यात आणि आधीच्या तयारीत असतो, दुसऱ्याला क्षमतेत. ही दोन्ही एकमेकांत मिसळली की मालक नवा माणूस ठेवतो आणि तरीही उशीर तसाच राहतो.

म्हणून त्यानंतरच्या रविवारी फक्त भाकरीच्या सेक्शनला माणूस बसवा, बाकीचे सोडा. इथे दोन गोष्टी मोजायच्या: दर दहा मिनिटांत किती भाकऱ्या मागितल्या आणि किती तव्यावरून उतरल्या. मागितलेल्यांत केओटीवरच्या वेगळ्या आणि तोंडी वेगळ्या.

तोंडी हा शब्द मुद्दाम वापरला. नमुन्यात सव्वा ते सव्वादोन या तासात केओटीवरून दर दहा मिनिटांना ११ भाकऱ्या मागितल्या जात होत्या. दोन मावशी, दोन तवे, आणि दहा मिनिटांत उतरत होत्या १२. म्हणजे कागदावर सगळं जमतंय, एक भाकरी उरतेच आहे. मग रांग कशी साचते? जरा वेळ तिथे उभे राहिलात तर दिसेल. भाजलेल्या भाकऱ्या कापडात गुंडाळून दुरडीत ठेवलेल्या असतात, नऊ नंबरच्या चारपैकी तीन झालेल्या. तेवढ्यात वेटर येतो, ‘मावशी, दोन द्या, चारवर जेवण थांबलंय’ म्हणतो आणि दोन भाकऱ्या ताटलीत टाकून निघून जातो. त्याचंही चुकत नाही, गिऱ्हाईक अर्ध्या ताटावर बसलेलं असतं. पण नऊ नंबरच्या तीनच्या एक झाली. मावशी पुन्हा दोन थापायला घेतात, आणि तोवर दुसरा वेटर येतो. ही रिपीट भाकरी आपल्याकडे केओटीवर येत नाही. बिलात शेवटी विचारून लावतात, नाहीतर अनलिमिटेड थाळीत धरलेली असते. अशा दर दहा मिनिटांना ५.

आता गणित मांडा. ११ आणि ५ मिळून १६ मागणी, १२ उत्पादन. दर दहा मिनिटांना ४ भाकऱ्या मागे राहतात. तासाभरात २४ साचतात. दहा मिनिटांना १२ या वेगाने त्या २४ संपायला २० मिनिटं. म्हणजे सव्वादोनला आलेल्या ऑर्डरीच्या भाकरीला हात लागण्याआधीच २० मिनिटांची रांग आहे. नेहमीची ८ त्यात मिळवली की २८ होतात, आणि पहिल्या रविवारच्या नोंदीत बरोबर तेच दिसलं होतं. साचलेला माल, बाहेर पडण्याचा वेग आणि थांबण्याची वेळ यांचं हे नातं जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रीतसर सिद्ध केलं. तुम्हाला त्याचा उपयोग पडताळ्यासाठी होतो. मोजलेली रांग आणि मोजलेली वेळ या गणिताने जुळत नसतील तर कुठेतरी नोंद सुटली आहे असं समजा, आणि ती बहुतेक वेळा तोंडी मागणीची असते.

यातला माझा आग्रहाचा मुद्दा हा आहे. केओटीच्या वेळा कितीही काळजीने लिहिल्यात तरी जी मागणी केओटीवर येतच नाही ती त्यांत कधी दिसणार नाही. मग दिसतं काय, तर ‘भाकरीवाल्या मावशी हळू आहेत’. आणि त्या मात्र कागदावर आहे त्याच्या दीडपट मागणी तोंड मिटून सोसत असतात. आपल्याकडच्या थाळी हॉटेलांत हे मी इतक्या वेळा बघितलं आहे की आता पहिली शंका तिथेच घेतो. सोलकढी, जादा रस्सा, कांदा-लिंबू याही गोष्टी तोंडीच जातात, पण त्यांना वेळ लागत नाही म्हणून त्या अडवत नाहीत. भाकरीला तवा लागतो.

आता त्या सेक्शनच्या आत जाऊ. भाकरी व्हायला तीन कामं लागतात, पीठ मळणं, थापणं, भाजणं, आणि तिन्हींचा वेग वेगळा असतो. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर दहा-बारा भाकऱ्या मोजा. नमुन्यात थापायला सरासरी ४० सेकंद लागत होते आणि एक भाकरी तवा १०० सेकंद अडवत होती. ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग फुगवली, असा सगळा वेळ त्यात आला. एका तव्यावर १० मिनिटांत ६ भाकऱ्या, दोन तव्यांवर १२. म्हणजे उत्पादन ठरवतोय तवा, मावशींचे हात नव्हेत. दोघींपैकी एकच थापतात, दुसऱ्या भाजतात, आणि थापणाऱ्या मावशी ४० सेकंदांना एक या हिशेबाने दहा मिनिटांत १५ थापू शकतात. त्या मधूनमधून थांबलेल्या दिसतील, ते तवा रिकामा नाही म्हणून. इथे तिसऱ्या मावशी ठेवल्या असत्या तर एकही भाकरी वाढली नसती, पगार मात्र वाढला असता.

तिसरा तवा लावला तर दहा मिनिटांना १८ भाजून निघतील, पण थापून १५ च येतात. मग उत्पादन १५ वर थांबतं. त्यासाठीही एक अट आहे. ज्वारीचं पीठ मळून फार वेळ ठेवलं की भाकरीला चिरा जातात, म्हणून ते गरम पाण्यात थोडं थोडं मळावं लागतं, आणि ते काम थापणाऱ्या मावशीच करतात. दर वेळी दोन-तीन मिनिटं थापणं बंद. दोन तवे असताना हे लपून जातं, कारण थापण्यात सवड असते. तिसरा तवा आला की लगेच उघडं पडतं. म्हणून गर्दीच्या तासाला मळायला एक हेल्पर द्या. ताटं पुसणारा मुलगा दहा दिवसांत शिकतो, फक्त पाणी किती कढत हवं हे मावशींकडून नीट शिकू दे.

आणि गॅस बघा. १९ किलोच्या एकाच सिलिंडरवर हंडीची शेगडी, तवा आणि भाकरीचे तीन बर्नर एकदम मोठे केले की सिलिंडर गार पडत जातो, त्याच्या अंगाला दव धरतं, दाब उतरतो आणि सगळ्याच ज्वाळा मंदावतात. मग भाकरी तव्यावर १०० ऐवजी १३५ सेकंद बसते. तीन तव्यांवर १३५ सेकंदांनी दहा मिनिटांत १३ च्या आसपासच भाकऱ्या होतात, म्हणजे नवा तवा घेऊन एक भाकरी वाढली. दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडून घेतले की हा प्रश्न सुटतो, पण ते काम गॅस एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्या. तवा लावल्यावर ‘आता सुटलं’ म्हणू नका, सेकंद परत मोजा.

१५ उत्पादन आणि १६ मागणी म्हणजे तरीही दर दहा मिनिटांना एक भाकरी मागे राहते. तासाला सहा, म्हणजे शेवटच्या माणसाला चार मिनिटं जास्त. एवढं चालून जातं. त्याहून कमी हवं असेल तर मागणीकडे बघावं लागेल. रिपीट भाकरी कागदावर आणा. त्यासाठी मोठी केओटी नको, वेटरला टेबल नंबर असलेले प्लॅस्टिकचे टोकन द्या, टोकन मावशींच्या डब्यात टाकल्याशिवाय दुरडीला हात लावायचा नाही. टोकनने भाकऱ्या वाढत नाहीत, पण नऊ नंबरच्या भाकऱ्या चार नंबरला जाणं थांबतं, आणि रात्री डबा मोजला की तोंडी मागणीचा आकडा फुकटात मिळतो. वेटरनी टेबलाला दुसरी वाटी देतानाच ‘भाकरी अजून लागेल का’ विचारलं तर मागणी दोन-चार मिनिटं आधी कळते. आगाऊ भाकऱ्या करून ठेवण्याच्या मी विरोधात आहे. कापडात दहा मिनिटं ती मऊ राहते, पुढे वातड होते, आणि थाळी हॉटेलचं नाव भाकरीवरच टिकतं किंवा जातं.

तुमच्या वेटरांबद्दल तंदूरवाल्याची तक्रारही त्याच शीटमधून तपासता येते. सगळ्यात शेवटचा माल काउंटरवर आल्यापासून उचलेपर्यंत, म्हणजे G वजा MAX, दोन-तीन मिनिटं असेल तर वेटरांकडे दोष नाही. पाच-सहा निघाली तर किचनला हात लावण्याआधी तिकडे बघा. कॅप्टनकडे एक वेगळी शंका घ्यायची: एकाच मिनिटाला छापलेल्या दोन-तीन टेबलांच्या केओटी शोधा. त्या वारंवार दिसत असतील तर कॅप्टन पॅडवर तीन टेबलांच्या ऑर्डरी घेऊन एकदम कॉम्प्युटरवर टाकतोय. गिऱ्हाईक त्याआधीच सात-आठ मिनिटं थांबलेलं असतं आणि ती मिनिटं तुमच्या कुठल्याच नोंदीत नसतात. शिवाय बारा भाकऱ्या एकदम येऊन पडतात त्या वेगळ्याच.

सुधारणा केल्यावर किती फरक पडेल हे आधीच सांगता येतं, आणि ते मालकाने आधी मांडून ठेवावं. भाकरीने २२ केओटींत १५४ मिनिटं अडवली, म्हणजे त्या टेबलांना सरासरी सात मिनिटं. भाकरी कितीही वेगवान केलीत तरी सातपेक्षा जास्त सुटका होणार नाही, कारण त्यानंतर तंदूर किंवा तवा शेवटी उरतो. पाऊण तासाची ३८ मिनिटं होतील, दहा होणार नाहीत. बदल करून दोन रविवार गेले की पुन्हा काउंटरवर तोच मुलगा, तीच शीट. भाकरीची अडवलेली मिनिटं १५४ वरून ४० च्या आत आली आणि दीड ते सव्वादोनमधला चढ सपाट झाला, तर उपाय लागू पडला. मिनिटं उतरली पण चढ तसाच राहिला, तर त्या रविवारी गर्दीच कमी होती, केओटींची संख्या बघा. आणि दोन्ही उतरून आता तवा १५ वेळा शेवटी येऊ लागला असेल, तर पुढच्या रविवारी मुलाला सुक्याच्या तव्याजवळ बसवा.